थंड पावसातली सायकल आणि पाय: ओव्हरशू, टो-कव्हर की वॉटरप्रूफ मोजे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी इंग्लंडात शेफील्डला राहते. घरातून निघून अर्ध्या तासात पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत पोचता येतं, आणि ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत तिथे बहुतेक वेळा 2 ते 8 अंशांतला पाऊस असतो. ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समधले मराठी सायकलवाले, तसंच पुण्या-नाशकाहून इकडे लांब पल्ल्याच्या राइडला येणारे, मला पायांबद्दल सारखे तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. जिथे उत्तरं एकमेकांत गुंतली आहेत तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. ओव्हरशू, टो-कव्हर आणि वॉटरप्रूफ मोजे यांत नेमका फरक काय?

ओव्हरशू बुटावरून चढवतात. तो घोट्याच्या वरपर्यंत येतो, मागे चेन किंवा वेल्क्रो असतो आणि तळाला टाचेसाठी आणि बूट पेडलला अडकवणाऱ्या तुकड्यासाठी, म्हणजे क्लीटसाठी, भोकं असतात. टो-कव्हर म्हणजे त्याचाच पुढचा तुकडा. बुटाच्या बोटांकडच्या भागावर टोपीसारखा बसतो, बाकी बूट उघडाच राहतो. वॉटरप्रूफ मोजा बुटाच्या आत असतो. त्याला तीन थर असतात: बाहेर नायलॉनचं विणकाम, मध्ये पाणी अडवणारा पातळ पडदा, आणि आत लोकर किंवा तसलाच मऊ थर.

महत्त्वाचा फरक पाणी कुठे अडतं याचा आहे. ओव्हरशू बूटच कोरडा ठेवायला बघतो. वॉटरप्रूफ मोजा बूट भिजू देतो आणि फक्त पाय कोरडा ठेवतो. बूट भिजला की त्याच्यात गार पाणी साठतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं. म्हणून मोज्याच्या आत पाय कोरडा असूनही गारठू शकतो. उलट ओव्हरशूमध्ये मोजा थोडा ओला झाला तरी वारा अडलेला असल्यामुळे पाय बराच वेळ उबदार राहतो. कोरडा पाय आणि उबदार पाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे नीट न कळल्यामुळे लोक चुकीची वस्तू विकत घेतात.

2. मला एकच वस्तू घेणं परवडतंय. कुठली घेऊ?

तुमची राइड दोन-अडीच तासांच्या आतली असेल आणि तापमान 8 अंशांच्या खाली जात असेल, तर ओव्हरशू. रोज ऑफिसला जाणाऱ्यांचं आणि रविवारी सकाळी फिरून येणाऱ्यांचं यात भागतं.

चार-पाच तासांहून जास्त वेळ भिजणार असाल, किंवा वाटेत सायकल उचलून चिखलातून, गवतातून चालावं लागणार असेल, तर वॉटरप्रूफ मोजे. चालताना ओव्हरशूचा तळ फाटतो. मोज्याला बुटाचं संरक्षण असतं.

टो-कव्हर एकटं घेऊ नका, निदान पावसासाठी तरी नको. त्याची खरी जागा प्रश्न 7 मध्ये सांगितली आहे.

3. 'वॉटरप्रूफ' लिहिलेला महागडा ओव्हरशू घेतला, तरी तासाभरात मोजे ओले. फसवणूक झाली का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो. बहुतेक वेळा ओव्हरशूचं कापड आपलं काम चोख करत असतं. पाणी कापडातून येतच नाही. ते तीन वाटांनी येतं.

पहिली वाट वरची. पाऊस टाइट्सवर पडतो, पोटरीवरून ओघळतो आणि ओव्हरशूच्या काठातून आत उतरतो. यावरचा उपाय प्रश्न 5 मध्ये आहे.

दुसरी वाट खालची, आणि हिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. ओव्हरशूला तळाला भोकं असतातच. त्यांतून बुटाचा तळ उघडा राहतो, आणि सायकलच्या बुटाच्या तळाला स्वतःची भोकं असतात: क्लीटच्या स्क्रूंची, आणि उन्हाळ्यात हवा खेळावी म्हणून ठेवलेली जाळी. पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी नेमकं तिथे येऊन आदळतं. आत इनसोल असतो, तो स्पंजासारखं ते पिऊन घेतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत चवडा ओला.

हे बंद करायला फार काही लागत नाही. बूट पूर्ण कोरडा करा, इनसोल बाहेर काढा. क्लीटच्या पट्टीवर आणि हवेच्या प्रत्येक भोकावर आतल्या बाजूने मजबूत चिकटपट्टी लावा. घरात गळती बंद करायला वापरतात ती जाड कापडी पट्टी चांगली चिकटते. पट्टी भोकाच्या चारी बाजूंना निदान एक सेंटिमीटर पुढे गेली पाहिजे आणि तिच्यावर बोटाने घासून सुरकुत्या काढायला हव्यात, कारण पाणी सुरकुतीतूनच वाट काढतं. क्लीटचे स्क्रू एकदा काढून, आट्यांना ग्रीस लावून परत बसवा. ग्रीसमुळे गंजही लागत नाही आणि आट्यांतून झिरपणंही कमी होतं. मग इनसोल परत घाला. एप्रिलमध्ये सगळं काढून टाका, नाहीतर उन्हाळ्यात पाय उकडतील.

तिसरी वाट चेनची आणि शिवणीची. ती खरी दोषाची वाट आहे. चेनच्या मागे पाणी अडवणारी पट्टी नसेल, किंवा शिवणीवर आतून टेप नसेल, तर टाचेकडून ओल येते. तसं असेल तर दुकानात जाऊन बदलून मागायला हरकत नाही.

आणि एक गोष्ट, जी ओव्हरशूच्याही आधी करायला हवी: पुढच्या चाकाला पूर्ण लांबीचा मडगार्ड आणि त्याच्या खालच्या टोकाला रबराची झूल लावा. झूल रस्त्यापासून चार-पाच सेंटिमीटर वर आली पाहिजे. आखूड मडगार्ड असला की चाकाचं पाणी थेट पावलांवर येतं. मी जुन्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण कापून, दोन भोकं पाडून ही झूल केली आहे, आणि पायांसाठी खर्च केलेल्या कुठल्याच पैशांनी तिच्याइतकं काम केलेलं नाही.

4. पायातली ओल पावसाची आहे की घामाची, हे ओळखायचं कसं?

घरी आल्यावर बूट काढले की लगेच मोजा नीट पाहा आणि हाताने चाचपा.

ओल सगळीकडे सारखी, कोमट, आणि मोजा नुसता दमट असेल तर तो घाम आहे. ओल चवड्याखाली एका जागी गोल पसरलेली आणि गार असेल तर पाणी क्लीटच्या भोकांतून आलंय. घोट्याला आणि टाचेला जास्त, बोटांना कमी असेल तर ते वरून ओघळलंय. फक्त बोटांची टोकं ओली असतील तर बुटाच्या पुढच्या जाळीतून आलंय.

वॉटरप्रूफ मोज्यात दमटपणा जवळजवळ नेहमीच असतो. मधला पडदा घामाची वाफ बाहेर जाऊ देतो खरा, पण त्यासाठी बाहेरची बाजू कोरडी लागते. बूट पाण्याने भरला की वाफेला जायला जागाच राहत नाही. तेवढ्यावरून मोजा गळतो असं ठरवू नका. खात्री कशी करायची ते प्रश्न 12 मध्ये आहे.

5. टाइट्सचा काठ ओव्हरशूच्या आत खोचायचा की वरून सोडायचा?

वरून. कायम वरून.

कोकणातलं कौलारू छप्पर आठवा. वरचं कौल खालच्या कौलावर येतं, म्हणून पाणी एकावरून दुसऱ्यावर उतरत पागोळ्यांनी खाली पडतं. एक कौल जरी उलटं, म्हणजे खालच्याच्या खाली सरकलं, की घरात गळतं. पायाचंही तसंच आहे. आधी मोजा, त्यावर ओव्हरशूचा काठ, त्यावर टाइट्स किंवा रेनपँट. पाणी बाहेरच्या बाहेर खाली गेलं पाहिजे.

वॉटरप्रूफ मोज्याला हाच नियम दुप्पट कडक लागू होतो. ओव्हरशूमध्ये वरून पाणी गेलं तर ते तळाच्या भोकांतून थोडंफार बाहेर तरी पडतं. वॉटरप्रूफ मोज्याला खाली भोक नाही. पाणी एकदा आत उतरलं की तो बादली होतो, आणि तुम्ही घरी येईपर्यंत ते पाणी पायाशीच राहतं. उघड्या पोटऱ्यांनी, शॉर्ट्सवर वॉटरप्रूफ मोजे घालून पावसात जाणारे लोक पाहिले की मला थांबवून सांगावंसं वाटतं. काही मोज्यांच्या वरच्या काठाला आतून सिलिकॉनची पट्टी असते. ती पायाला चिकटून पाणी अडवते, पण तासन्‌तास नाही.

टाइट्स तंग असतील आणि ओव्हरशूवरून येत नसतील, तर घोट्याकडे चेन असलेल्या टाइट्स घ्या. नाहीतर टाइट्सवरून गुडघ्यापर्यंत येणारा पाणरोधक कापडाचा नळीसारखा तुकडा बांधता येतो.

6. निओप्रीनचा ओव्हरशू घ्यावा की पातळ कापडाचा?

निओप्रीन म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखातलं रबर. त्यात वायूचे बंद बुडबुडे असतात, म्हणून ते ओलं झालं तरी ऊब धरतं. शून्य ते 5 अंशांत, संथ चालीने जाणाऱ्याला तेच बरं. त्याचे तोटे असे की पायाला घाम येतो, वाळायला वेळ लागतो आणि कडेला घासून ते लवकर फाटतं.

पातळ कापडाच्या ओव्हरशूला आतून पॉलियुरेथेनचा लेप आणि शिवणींवर टेप असतो. तो पाणी जास्त चांगलं अडवतो, वारा पूर्ण अडवतो, पण स्वतःची ऊब त्याला नसते. ऊब आतल्या लोकरीच्या मोज्याने द्यायची. मी 5 ते 10 अंशांत हाच वापरते, कारण खिशात घडी करून ठेवता येतो आणि रात्रीत वाळतो.

लेटेक्सचे किंवा सिलिकॉनचे ओढून चढवायचे ओव्हरशूही मिळतात. पाणी अडवण्यात ते पहिल्या नंबरचे, पण नखाने किंवा क्लीटच्या कडेने टर्रकन फाटतात आणि त्यांतून हवा मुळीच जात नाही. शर्यतीच्या दिवसासाठी ठीक. रोजच्या वापराला नाहीत.

7. मग टो-कव्हर पावसात कशाच्या कामाचं?

एकटं असेल तर पाऊस थांबल्यावर, ओल्या रस्त्यावर, 8 ते 13 अंशांत. सायकल चालवताना वारा समोरून बोटांवर येतो आणि बुटाची जाळीही तिथेच असते, त्यामुळे तेवढाच भाग झाकला तरी फरक जाणवतो. धो-धो पावसात मात्र पाणी घोट्याकडून आणि लेसांमधून आत येतं आणि टो-कव्हर ते आतच ठेवतं.

पण टो-कव्हर आणि वॉटरप्रूफ मोजा ही जोडी फार चांगली आहे, आणि ती लोकांना सुचत नाही. पाणी मोजा अडवतो. बोटांवरचा वारा आणि जाळीतून येणारा पाण्याचा मारा टो-कव्हर अडवतं. घोटा उघडा राहतो म्हणून वाफ जायला थोडी वाट मिळते. 6 ते 12 अंशांतल्या, मध्येच पडणाऱ्या, मध्येच उघडणाऱ्या पावसासाठी मी पूर्ण ओव्हरशूपेक्षा ही जोडी पसंत करते. बूट मोकळा हवा ही अट आहेच. ती प्रश्न 9 मध्ये.

8. तुम्ही दोन्ही एकाच हवेत वापरून पाहिलंय का? की हे ऐकीव आहे?

पाहिलंय, एका पायात एक आणि दुसऱ्यात दुसरं घालून. फेब्रुवारीतला रविवार होता. घरी 5 अंश, पाऊस सलग. शेफील्डहून लेडीबावर धरणाकडे उतरून, तिथून स्नेक पासच्या माथ्यापर्यंत, म्हणजे सुमारे 510 मीटर उंचीवर, आणि त्याच वाटेने परत. एकूण साधारण 60 किलोमीटर, साडेतीन तास. माथ्यावर 2 अंश होते.

डाव्या पायात लोकरीचा मोजा, टेप लावलेला बूट आणि वर पातळ कापडाचा ओव्हरशू. उजव्या पायात वॉटरप्रूफ मोजा, तसाच बूट, वर काही नाही. दोन्हीकडे टाइट्स काठावरून सोडलेल्या.

पाऊण तासाने धरणापाशी उजवा बूट पचपच वाजायला लागला होता. पाय कोरडा होता, पण बुटातलं पाणी तळव्याला गार लागत होतं. डावा पाय नुकता घरातून निघाल्यासारखा. चढावर दोन्ही बरे होते. जोर लावताना रक्त खेळतं. माथ्यावर डाव्या चवड्याखाली पहिल्यांदा गारवा जाणवला, रुपयाएवढ्या जागेत. उतारावर खरी परीक्षा झाली. पायांना काम नाही, वारा अंगावर, आणि उजवा बूट पूर्ण भिजलेला. दहा मिनिटांत उजवी बोटं बधिर झाली. डावी गारठली, पण हलत होती.

घरी आल्यावर डाव्या मोज्याचा चवडा आणि निम्मी बोटं ओली निघाली. उजव्या मोज्यात फक्त घामाचा दमटपणा. म्हणजे कोरडा पाय जास्त गार होता आणि ओला पाय जास्त उबदार. डावा बूट दुसऱ्या दिवशी सकाळी घालण्याजोगा झाला, उजवा संध्याकाळपर्यंत ओला होता.

पुढच्या रविवारी पाय बदलले, कारण माझा एक पाय मुळातच गार असेल अशी शंका होती. निकाल तोच आला. नंतर सहा तासांच्या एका राइडमध्ये मात्र चित्र पालटलं. चौथ्या तासापर्यंत ओव्हरशूतला मोजा पूर्ण ओला झाला होता आणि त्यानंतर त्या पायाची ऊब टिकेना. वॉटरप्रूफ मोज्यातला पाय होता तसाच राहिला, ना बरा ना वाईट. प्रश्न 2 मधली अडीच तास आणि चार-पाच तासांची सीमा मी या अनुभवावरून काढली आहे. तुमचा बूट आणि तुमचा पाऊस वेगळा असेल तर ती थोडी सरकेल.

9. वॉटरप्रूफ मोजे घातल्यापासून पाय उलट जास्त गार पडतात. का?

बूट तंग झाला आहे. हे मोजे नेहमीच्या मोज्यांपेक्षा बरेच जाड असतात. उन्हाळ्यातल्या बुटात ते कोंबले की पायाच्या वरच्या शिरांवर दाब येतो, बोटांपर्यंत रक्त पोचत नाही, आणि मग कितीही लोकर असली तरी ऊब येत नाही, कारण ऊब रक्तातूनच येते.

परीक्षा सोपी आहे. मोजे आणि बूट घालून उभे राहा, बोटं आत वर-खाली हलवा. सगळी बोटं मोकळी हलली पाहिजेत. हलत नसतील तर आधी लेस किंवा पट्टा सैल करा, मग पातळ इनसोल घाला. तेवढ्याने भागलं नाही तर पावसासाठी अर्ध्या ते एक नंबराने मोठा जुना बूट ठेवा. मोज्याखाली आणखी एक मोजा घालून ऊब वाढवायचा प्रयत्न करू नका. तीच चूक दुप्पट होते.

10. दोन्ही एकदम घातले तर?

बूट मोकळा असेल तर 5 अंशांच्या खालच्या, दिवसभराच्या पावसाला यापेक्षा चांगला उपाय माझ्याकडे नाही. ओव्हरशू वारा आणि बरंचसं पाणी बाहेर ठेवतो, म्हणून बूट भरत नाही. तळातून जे थोडं झिरपतं ते मोजा अडवतो. दोघांची उणीव दोघं भरून काढतात.

कमी थंडीत ही जोडी घालू नका. 10 अंशांत तासाभरात आतून घामाने भिजाल आणि नंतर थांबलात की तोच घाम गार पडेल.

11. ऑफिसला साध्या पेडलवर, साध्या बुटांत जाते. क्लीट नाहीत. माझ्यासाठी काय?

पूर्ण तळ असलेले ओव्हरशू मिळतात. नेदरलँड्समध्ये लोक कामाच्या बुटांवर चढवतात तसले. तळाला भोक नसल्यामुळे प्रश्न 3 मधली दुसरी वाट मुळातच बंद असते आणि वीस-तीस मिनिटांच्या प्रवासात बूट अगदी कोरडे राहतात. तळ घसरडा नाही ना ते पाहून घ्या. ओल्या धातूच्या पेडलवर गुळगुळीत तळ धोक्याचा असतो.

सायकलवाल्यांचे क्लीटसाठीचे ओव्हरशू साध्या बुटावर घालू नका. तळाची पट्टी पेडलवर घासून आठवड्यात फाटते. नंबर निवडताना बुटाचा युरोपीय नंबर बघा, आणि बूट जाडजूड असेल तर एक नंबर वरचा घ्या. तंग ओव्हरशू चढत नसेल तर बुटाच्या टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, तिच्यावरून ओव्हरशू सरकवा आणि पिशवी ओढून काढा. निओप्रीनचा असेल तर आधी ओव्हरशू पोटरीवर चढवून ठेवायचा, मग बूट घालायचा, मग ओव्हरशू खाली ओढायचा.

12. वॉटरप्रूफ मोज्याला भोक पडलंय का, हे कसं कळेल? आणि धुवायचे कसे?

कोरड्या मोज्यात हात घालून मूठ मिटा, मुठीत टिश्यू पेपर धरा आणि काठ वर ठेवून बादलीतल्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा. बाहेरचा थर ओला होणारच, त्याने घाबरू नका. आतला कागद ओला झाला तरच पडदा फाटलाय. जागा शोधायची असेल तर मोज्यात हवा भरून काठ पिळून घट्ट धरा आणि पाण्याखाली दाबा. बुडबुडे जिथून येतील तिथे भोक आहे. बहुतेक वेळा ते अंगठ्याच्या टोकाला सापडतं आणि कारण वाढलेलं नख असतं. म्हणून राइडच्या आदल्या दिवशी नखं कापा. मोजे चढवताना काठ धरून जोरात खेचू नका, गोळा करून पायावर उलगडत न्या.

धुताना कोमट पाणी आणि साधा साबण वापरा. कपडे मऊ करणारं द्रव्य टाळा, त्याने वाफेच्या वाटा बुजतात. ड्रायरमध्ये टाकू नका, रेडिएटरवरही ठेवू नका. उष्णतेने थर एकमेकांपासून सुटतात. आधी उलटे करून आतली बाजू वाळवा, मग सुलटे. पूर्ण वाळायला दीड दिवस लागू शकतो, त्यामुळे रोजच्या वापराला एक जोड पुरत नाही. ओव्हरशू चेन आणि वेल्क्रो बंद करून धुवा, म्हणजे वेल्क्रो बाकी कपड्यांना धरत नाही.

13. पुण्यात पावसाळ्यात ताम्हिणी, महाबळेश्वर करतो. मी यातलं काही घेऊ का?

नका घेऊ. सह्याद्रीतला जुलैचा पाऊस माथ्यावरही साधारण 17 ते 20 अंशांचा असतो. त्यात पाय भिजतात पण गारठत नाहीत. ओव्हरशूत आणि वॉटरप्रूफ मोज्यात पाय घामाने तास न्‌ तास ओले राहतील आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतील. तिथे पाणी अडवण्यापेक्षा ते निघून जाणं महत्त्वाचं. क्लीटची सँडल किंवा जाळीचा बूट, पातळ लोकरीचा मोजा, आणि घरी आल्यावर बेचकी कोरडी करून पावडर, इतकं पुरे.

14. भारतातून लंडन-एडिनबरा-लंडन किंवा पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या राइडला येतोय. उन्हाळ्यात असतात, मग हे सगळं कशाला?

उन्हाळा असला तरी तो तिकडचा. 2007 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला ऑगस्ट असूनही पाऊस पाठ सोडत नव्हता आणि अनेकांना राइड अर्धवट सोडावी लागली. 2019 मध्ये रात्री चांगल्याच गारठल्या होत्या. स्कॉटलंडच्या बाजूला पहाटे पावसात एक आकडी तापमान मुळीच नवलाचं नाही, आणि तिसऱ्या दिवशी, झोप न झालेल्या शरीराला ते जास्त लागतं.

तुमच्यासाठी मी हे सुचवेन: पातळ कापडाचे ओव्हरशू अंगावरच्या बॅगेत, आणि लोकरीच्या मोज्यांचे दोन-तीन जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. ओव्हरशूचा इथे मोठा फायदा असा की आतला मोजा ओला झाला तर कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या थांब्यावर, बदलता येतो आणि पाय पुन्हा कोरडा होतो. वॉटरप्रूफ मोज्यात एकदा पाणी गेलं तर तो राइडमध्ये वाळत नाही; उलटा करून पिळून टॉवेलने टिपता येतो, इतकंच. मोजेच न्यायचे ठरवलं असेल तर क्लीटच्या सँडलमध्ये घाला. सँडलमध्ये पाणी साठत नाही, त्यामुळे प्रश्न 1 मधली पाण्याने भरलेल्या बुटाची अडचणच राहत नाही, आणि मोज्याच्या जाडीला जागाही मिळते. नवी वस्तू राइडच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. निदान एक रात्र ती घालून चालवलेली असावी.

15. राइडनंतर बोटं पांढरी पडतात आणि मग ठणकतात. हे चालायचंच का?

थोडा बधिरपणा येऊन घरी गेल्यावर अर्ध्या तासात जात असेल तर तो गारठ्याचा. पण बोटं मेणासारखी पांढरी, मग निळसर, मग लालभडक होत असतील, आणि किरकोळ थंडीतही होत असतील, तर तो रेनो नावाचा रक्तवाहिन्यांचा त्रास असू शकतो. डॉक्टरांना दाखवा. लालसर-जांभळ्या, खाजणाऱ्या गाठी दिसल्या तरी दाखवा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी गारठा 'जाणवेल' यावर विसंबू नये. दर तासाला थांबून बोटं पाहावीत.

बधिर पाय लगेच गरम पाण्यात किंवा हीटरसमोर धरू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही. ओले मोजे काढा, पुसा, कोरडी लोकर चढवा आणि हळूहळू ऊब येऊ द्या.

16. घरून निघाले तेव्हा ऊन होतं, आता पाऊस आणि 4 अंश. जवळ काहीच नाही. काय करू?

पहिल्या दुकानात थांबा आणि दोन पातळ पिशव्या मिळवा. ब्रेडची पिशवी पायाच्या मापाची असते. मोजा पायात, त्यावर पिशवी, त्यावर बूट. पिशवीची जास्तीची बाजू घोट्याभोवती गुंडाळून टाइट्सच्या आत घ्या, म्हणजे प्रश्न 5 मधला क्रम राहतो. घाम आत साठेल, पण वारा आणि गार पाणी पायाला लागणार नाही. घर तासाभराच्या अंतरावर असेल तर एवढ्यावर पोचता येतं. बूट मात्र सैल बांधा, आणि उतारावर पेडल मारत राहा, जोर लागत नसला तरी. पाय थांबले की बोटं आधी जातात.